प्रकल्प संपतो, जागा उरते

डाळमिलच्या १० वर्षांच्या अहवालात बरेच जण शेवटच्या वर्षी यंत्रांची भंगार किंमत धरतात आणि जागा विसरतात. मग चांगला प्रकल्पही तोट्यात दिसतो.

१. जमिनीवर घसारा नाही. २० लाखांची जमीन दहाव्या वर्षी किमान २० लाखांनाच जमा धरा.
२. शेड ३० लाखांची, आयुष्य ३० वर्षे. दरसाल १ लाख घसारा, म्हणजे उरले २० लाख.
३. हे ४० लाख आजच्या किमतीत आणा. १२ टक्के दराने जेमतेम १२.९ लाख होतात.

जमिनीची भाववाढ वेगळ्या ओळीत दाखवा. ती काढल्यावर प्रकल्प तोट्यात जात असेल, तर तुम्ही डाळमिल नव्हे, प्लॉट घेताय! भाडेपट्ट्याच्या जागेला मात्र हा हिशेब लावू नका.