पॅकेजमधल्या ‘७० तपासण्या’ आणि बिलातल्या जादा ओळी

लॅबच्या पॅकेजवर ‘७० तपासण्या’ असं लिहिलेलं असलं, तरी तो आकडा बहुतेकदा घटकांचा असतो. एकट्या सीबीसीत हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट असे वीसेक घटक सहज भरतात. त्यामुळे आकडा सोडा, नावांची यादी व्हॉट्सॲपवर मागवा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहा.

समजा, चिठ्ठीत उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर, एचबीए१सी आणि बी१२ आहे. पॅकेजमध्ये ‘साखर’ म्हणजे बरेचदा फक्त उपाशीपोटीची. जेवणानंतरची साखर दोन तासांनी घेतात, म्हणजे नमुना घरून नेणारा लॅबचा माणूस दुसऱ्यांदा घरी येणार. तेव्हा घरी येण्याचं शुल्क एकदाच की दर फेरीला, हे बुकिंगआधीच लेखी विचारा.

नमुना घेताना ‘व्हिटॅमिन डी पण करून टाकू का?’ असं विचारलं, तर ‘पॅकेजमध्ये आहे का?’ एवढंच विचारा. तुमचा सहज आलेला होकार बिलात वेगळी ओळ होतो.

बिल एकरकमी असेल तर तपशीलवार मागा. यादीतली तपासणी पुन्हा वेगळी लावलेली दिसली, तर ती यादीच पुढे करा.