हवेच्या लाइनीतलं पाणी: आधी बादलीने मोजा

पावसाळा लागला की युटिलिटीत नव्याने लागलेल्या पोराकडे हमखास येणारी तक्रार म्हणजे "लाइनीला पाणी येतंय". त्यावर बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे मशीनजवळ आणखी एक एफआरएल बसवणं. त्याचा उपयोग अर्धाच होतो. एफआरएलचा बाउल थेंब झालेलं पाणी अडवतो. वाफेच्या रूपातलं पाणी त्यातून सरळ पुढे जातं आणि पुढचा पाइप थंड असला की तिथे थेंब होतं.

हे पाणी येतं कुठून, ते एकदा हिशेबाने बघा. जुलैतली हवा धरू: तापमान ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. अशा एका घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम वाफ असते. ३० अंशाला एका घनमीटर जागेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच वाफ मावते आणि दाब वाढवला म्हणून त्यात वाढ होत नाही. गेजवर ७ बार म्हणजे खरा दाब ८ बार, म्हणजे आठ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबली. तिच्यासोबत सुमारे १९० ग्रॅम पाणी आलं आणि जागा आहे ३० ग्रॅमची.

तरीही कॉम्प्रेशन चालू असताना पाणी सुटत नाही, कारण स्क्रू कॉम्प्रेसरमध्ये हवा तेव्हा ८०-९० अंशांवर असते आणि तेवढ्या तापमानाला ही सगळी वाफ मावते. वरच्या उदाहरणात थेंब धरायला सुरुवात होते ती सुमारे ६७ अंशांवर, म्हणजे आफ्टरकूलरमध्ये. (कमी लोडवर चालणारं, नीट न तापणारं मशीन याच कारणाने तेलात पाणी धरतं. साइट ग्लासमध्ये तेल दुधाळ दिसलं तर आधी डिस्चार्ज तापमान बघा.)

आता १०० सीएफएमचा कॉम्प्रेसर घेऊ. तो तासाला १७० घनमीटर हवा ओढतो, म्हणजे तासाला चार लिटरच्या थोडं वर पाणी. आफ्टरकूलरने हवा ४० अंशांवर आणली तर त्यातलं तीन लिटर तिथे आणि रिसीव्हरच्या ड्रेनला निघायला हवं. उरलेलं लिटरभर वाफ होऊन पुढे जातं. ड्रायर नसेल आणि शेडमधला पाइप ३० अंशांवर असेल, तर त्यातलं जवळपास अर्धा लिटर तासाला पाइपातच पडतं. आठ तासांच्या शिफ्टला जवळजवळ चार लिटर.

रेफ्रिजरंट ड्रायर हीच हवा मुद्दाम ३ अंशांपर्यंत थंड करतो. आत येणारी गरम हवा आधी बाहेर निघालेल्या थंड हवेच्या शेजारून जाते, मग इव्हॅपोरेटरमध्ये गार होते. सेपरेटर थेंब वेगळे करतो, ऑटो ड्रेन ते बाहेर टाकतो. कोरडी हवा परत कोमट होऊन निघते, म्हणून पुढच्या पाइपाला बाहेरून घाम येत नाही. ३ अंशांच्या फार खाली नेत नाहीत, कारण आत बर्फ धरतो आणि हवेची वाट अडते. आपल्या उदाहरणात या ड्रेनला तासाला साधारण एक लिटर पाणी पडायला हवं.

हा आकडाच तपासणीचं हत्यार. ड्रायरच्या ड्रेनखाली तासभर बादली ठेवा. बादली कोरडी आणि लाइनीत पाणी, तर आधी ऑटो ड्रेनवर संशय घ्या: गंज आणि तेलाच्या चिकट्याने गाळणी बुजते. टेस्ट बटण दाबून नुसता 'टक' आवाज आला पण पाणी उसळलं नाही, तर आयसोलेट करा, दाब सोडा, गाळणी काढून धुवा. डिस्प्लेवर ड्यू पॉइंट ३ दिसतोय यावर विसंबणं नको; हवा गार झाली तरी साचलेलं पाणी तिच्याबरोबर पुढे ढकललं जातं. ड्रेन ठीक असेल तर बायपास व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे का ते बघा. सर्व्हिसच्या वेळी उघडलेला तो तसाच राहून जातो.

उलट बादलीत दीड लिटरच्या वर पाणी आलं, तर ड्रायरला येणारी हवाच गरम आहे किंवा रिसीव्हरचा ड्रेन बंद आहे. ड्रायरची क्षमता बहुधा ३५ किंवा ३८ अंशांच्या इनलेटवर लिहिलेली असते. ४५ अंशांच्या हवेत ३५च्या मानाने दीडपटीहून जास्त वाफ असते. आफ्टरकूलरच्या फिन्समधली धूळ उडवली, कॉम्प्रेसर रूमची गरम हवा बाहेर काढली की नवा ड्रायर घ्यायची वेळ बऱ्याचदा टळते.

ड्रायरनंतरही तासाला शंभरएक मिली पाणी वाफेत राहतंच. पाइप ३ अंशांखाली जात नसेल तर ते त्रास देत नाही. उणे ४० ड्यू पॉइंट हवा असेल तर अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाचे दोन टॉवर लागतात: एक हवा सुकवतो, दुसरा कोरड्या हवेने स्वतः सुकतो. हीटलेस प्रकारात त्यासाठी साधारण १५ टक्के हवा वाया जाते, म्हणजे १०० सीएफएममधले १५ गेले. शिवाय आधीचा ऑइल फिल्टर वेळेवर बदलला नाही तर अ‍ॅल्युमिनावर तेल चढतं, आणि असा माल सुकवून परत वापरात येत नाही, तो बदलावाच लागतो.