तेलाच्या डब्याचा खवट वास आणि चिकट थर कसा घालवावा

डबा साबणाने दोनदा घासला, उकळत्या पाण्याने खंगाळला, तरी झाकण उघडलं की तोच खवट वास येतो. बोट फिरवलं तर आतून मेणचट लागतं. याचं कारण असं, की तो थर आता तेल राहिलेला नसतो. महिनोन्‌महिने हवा लागलेल्या तेलाचे कण एकमेकांना जोडले जातात आणि वार्निशसारखा पातळ, घट्ट पापुद्रा भांड्याला धरतो. साधा साबण ओलं तेल सोडवतो, हा पापुद्रा त्याला दाद देत नाही. सूर्यफूल, करडई, सोयाबीन ही तेलं असा थर लवकर धरतात, शेंगदाण्याचं त्या मानाने उशिरा. खोबरेल जवळजवळ धरत नाही.

खवट वास याच थरातून येतो. स्टील वास शोषून घेत नाही. त्यामुळे स्टीलच्या डब्याला वास येत असेल, तर कुठेतरी थर उरलाय हे नक्की. प्लास्टिक मात्र तेल आणि वास दोन्ही स्वतःत मुरवून घेतं. म्हणून दोघांची साफसफाई वेगळी करावी लागते.

पाण्याआधी कोरडं काम

डब्यातलं उरलेलं तेल ओतून टाका, पण मोरीत नको. थंड झाल्यावर पाइपाच्या आत तोच थर बसतो. मग डबा तासभर उपडा ठेवा. आत २ मोठे चमचे डाळीचं पीठ किंवा गव्हाचा कोंडा टाकून सगळीकडे फिरवा आणि जुन्या सुती कापडाने पुसून घ्या. पीठ ओलं तेल ओढून घेतं आणि पुढे सोडा सुट्या तेलावर खर्ची न पडता थरावर काम करतो. ही पायरी वगळली की पाणी पांढरं, दाट होतं आणि तेल पुन्हा भिंतींना लागतं.

स्टीलचा डबा: धुण्याचा सोडा

इथे खाण्याचा सोडा पुरत नाही, तो फार सौम्य असतो. किराणा दुकानात मिळणारा धुण्याचा सोडा घ्या. पूर्वी राखेने तेलाची भांडी निघत, तेही राखेतल्या क्षारामुळेच. मात्र राखेने आजच्या चकचकीत स्टीलवर ओरखडे पडतात.

समजा, २ लिटरची, आतून पिवळट थर धरलेली बरणी आहे. झाकण काढून आतलं रबर सुटं करा. २ लिटर उकळत्या पाण्यात ४ मोठे चमचे धुण्याचा सोडा ढवळून घ्या. हातात रबरी हातमोजे असू द्या, कारण या पाण्याने कातडी सोलवटते. बरणी मोरीत किंवा परातीत ठेवून पाणी काठापर्यंत भरा. काठ महत्त्वाचा आहे: तेल कमी-जास्त होत असताना वरच्या पट्ट्याला सर्वांत जास्त हवा लागते, म्हणून थर तिथेच जाड असतो. अर्धवट भरलेल्या बरणीचं तळ लख्ख होतं आणि वास तसाच राहतो.

४५ मिनिटं थांबा. पाणी गरम राहणं गरजेचं आहे, कोमट झालं की सोड्याचं काम मंदावतं. बरणी एका मोठ्या पातेल्यातल्या गरम पाण्यात ठेवली तर उत्तम. झाकण लावून हलवायच्या फंदात मात्र पडू नका. आत वाफेचा दाब वाढतो आणि झाकण उडून गरम सोडा अंगावर येतो.

पाणी चहासारखं तांबूस झालं आणि बोटाने घासल्यावर थर मऊ होऊन सरकू लागला, की झालं. आता लांब दांड्याच्या ब्रशने वरून खाली घासा. तारेची घासणी वापरू नका, तिच्या चऱ्यांमध्ये पुढच्या वेळचा थर आणखी घट्ट धरतो. थर जुना असेल तर काही ठिकाणी तो ठिपक्यांसारखा उरतो. तिथे ताजं तेल चोळून दहा मिनिटं ठेवा. अर्धवट सुकलेला थर तेलात मऊ होतो, मग सोड्याच्या पाण्याने परत घासा. तरीही न निघाल्यास सोड्याची फेरी पुन्हा करा.

लिंबू किंवा व्हिनेगर सोड्यात मिसळू नका. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांचा जोर घालवतात. ब्लीच तर स्टीलला नकोच, त्यातल्या क्लोरीनने बारीक खड्डे पडतात. आणि डबा अॅल्युमिनियमचा असेल तर धुण्याचा सोडा अजिबात वापरू नका, तो धातूच खातो आणि भांडं काळं पडतं.

किटली असेल तर तोटीत बारीक बाटली-ब्रश घालून घासा. झाकणाच्या वळलेल्या कडेखाली, तळाच्या जोडात आणि दांड्याच्या टोकाशी जुन्या दातांच्या ब्रशने घासा. वास राहतो तो बहुतेक वेळा इथेच.

प्लास्टिकचा डबा: ऊन पाणी नाही, सोसवेल असं पाणी

तेल ज्या पारदर्शक, पातळ बाटलीत येतं, ती गरम पाण्याने वाकडी होते आणि धुण्याच्या सोड्याने हळूहळू धूसर व खरखरीत होते. खालच्या त्रिकोणात १ आकडा असेल तर ती हीच. ५ आकडा असलेला जाड डबा जास्त गरम पाणी सोसतो, पण हाताला सहज सोसेल इतकंच गरम पाणी ठेवलं तर कुठल्याच प्लास्टिकला धोका नाही.

५ लिटरच्या कॅनसाठी १ लिटर कोमट पाणी, २ चमचे भांडी घासायचं लिक्विड आणि मूठभर कच्चे तांदूळ आत टाका. झाकण लावून दोन-तीन मिनिटं सगळ्या बाजूंनी जोरात हलवा. ब्रश पोचत नाही तिथला थर तांदूळ खरवडून काढतो. वाळू घालू नका, तिने ओरखडे पडतात. पाणी ओतून पुन्हा एकदा तसंच करा. मग दर लिटर कोमट पाण्याला २ मोठे चमचे खाण्याचा सोडा मिसळून कॅन भरा, रात्रभर ठेवा, सकाळी नीट विसळा आणि झाकण काढून वाऱ्याला दोन-तीन दिवस राहू द्या. कडक उन्हात एक-दोन तास चालेल, दिवसचे दिवस नको. प्लास्टिक ठिसूळ होतं.

यानंतरही वास येत असेल, तर तो भिंतीत मुरलाय. तेव्हा तो कॅन खाण्याच्या वस्तूंसाठी वापरू नये. झाकणातली मऊ चकतीही तशीच असते. वास उरला तर ती बदला.

साफ झालं की नाही, हे कसं ओळखावं?

स्टीलच्या आत पाणी फिरवून ओता. पाणी एकसारखं पसरून सरकलं तर थर गेला. थेंब गोळा होऊन ओघळले तर त्या जागी थर आहे. दुसरी परीक्षा नाकाची: कोरडा डबा झाकण लावून अर्धा तास उन्हात ठेवा आणि उघडताक्षणी वास घ्या. थंड डब्यात वास दडून राहतो, तापल्यावर बाहेर येतो.

ताजं तेल भरण्याआधी डबा किमान एक पूर्ण दिवस उपडा, नंतर सुलटा वाळवा. जोडात राहिलेला पाण्याचा थेंबही तेल बिघडवतो. आणि तळाशी जुनं तेल उरलेलं असताना त्यावर नवं ओतू नका. खवट तेलातले बिघडलेले कण नव्या तेलाचाही बिघाड वेगाने घडवतात.