या चुका टाळा: सुटकेसचे कवच पाहण्याआधी चाके पाहा

रत्नागिरी ते मुंबई असा महिन्यातून दोनदा प्रवास करणारे आमच्याकडचे बहुतेक लोक दुकानात सुटकेसच्या कवचावर बोटाने टकटक करून तिची मजबुती ठरवतात. कवचाला महत्त्व नाही असे नाही. एबीएस प्लास्टिकचे कवच कडक असले तरी आपटल्यावर कोपऱ्यात तडकते. पॉलिकार्बोनेट प्लास्टिकचे दबून पुन्हा मूळ आकारात येते, म्हणून एसटीच्या डिकीत जाणाऱ्या बॅगेसाठी तेच घ्यावे. परंतु किनाऱ्यावर बॅग निकामी होते ती बहुधा कवचामुळे नव्हे, चाकामुळे.

माझ्या बॅगेचे असेच झाले. पावसाळ्यात ओलीच माळ्यावर ठेवलेली बॅग गणपतीत काढली, तेव्हा एक चाक फिरेना आणि दुसऱ्याचे मऊ आवरण हाताला चिकटून तुकड्यातुकड्यांनी सुटू लागले. पहिल्या चाकाच्या पोलादी आसावर गंज चढला होता. दुसऱ्याचे कारण वेगळे होते: चाकावरचे पॉलियुरेथेन दमट उष्म्यात हळूहळू विघटित होते, आणि हे न वापरता ठेवलेल्या बॅगेतही घडते. गंजलेला आस साफ करून शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडले की चाक पुष्कळदा सुटते. विरघळलेल्या आवरणाला मात्र चाक बदलण्याखेरीज इलाज नाही.

आणि इथेच खरेदीतली मोठी चूक उघडी पडते. माझ्या बॅगेची चाके रिव्हेटने ठोकलेली होती, त्यामुळे ती काढायची तर कवचच छिलावे लागले असते. म्हणून दुकानात बॅग उघडून आतल्या अस्तराची चेन सरकवावी आणि चाकाच्या खोबणीमागे स्क्रू दिसतात का ते पाहावे. अस्तर पक्के शिवलेले असेल तर विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. चार फिरती चाके फलाटावर सुखाची असतात, पण जांभ्याच्या खडबडीत पाखाडीवर त्यांचे बाहेर आलेले दांडे वाकतात. गावापर्यंत बॅग ओढायची असेल तर खोबणीत बसलेली दोन मोठी चाकेच बरी.

चेन दात सोडू लागली की लोक चेनच बदलायला निघतात. आधी रनर पाहावा. खाऱ्या हवेत तो झिजतो, सैल पडतो, आणि त्याच्या मागे दात उघडेच राहतात. पकडीने त्याच्या दोन्ही कडा किंचित दाबाव्यात, मात्र जोर लावला तर तो तुटतो. दात सरळ असूनही फरक पडला नाही, तर त्याच मापाचा नवा रनर बसवावा. दातच झिजले असतील तर पूर्ण चेन बदलणे भाग आहे.

व्हीआयपी, सफारी, सॅमसोनाइट यांसारख्या कंपन्या दुरुस्तीची सेवा देतात. तरीही वॉरंटीची वर्षे मोजण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: झिजलेले चाक वॉरंटीत धरले जाते का, आणि बॅग दुरुस्तीला नेमकी कुठे द्यावी लागेल. उत्तर ‘मुंबईला’ असे आले, तर त्या मॉडेलचे सुटे चाक खरेदीच्या दिवशीच मागून ठेवावे.