झाकण नसलेली बाटली दोन फूट पुढे कशी पकडायची

इंदूरला सांवेर रोडवर नाहीतर पीथमपूरला मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, म्हणजे पीएलसीच्या कामाला लागलेल्या नव्या मुलाकडे पहिल्याच काही कामांत रिजेक्शन येतं. कागदावर ते फारच सोपं दिसतं: सेन्सरला खराब माल दिसला की पुढच्या सिलिंडरने तो बाजूला ढकलायचा. गोम अशी की सेन्सर आणि सिलिंडर एका जागी नसतात. मधल्या अंतरात पाच-सहा बाटल्या चालत असतात आणि त्यातली खराब कोणती, हे पीएलसीला लक्षात ठेवावं लागतं. मी सिरपच्या बाटल्यांच्या एका लाइनवर हे काम केलं, त्याचेच आकडे इथे घेतो.

बाटलीचा व्यास 60 मिलिमीटर, झाकणाचा 28. दोन बाटल्यांच्या मध्यांतलं अंतर साधारण 120. पट्टा सेकंदाला 300 मिलिमीटर धावतो, म्हणजे मिनिटाला 18 मीटर. झाकण तपासणाऱ्या सेन्सरपासून सिलिंडरच्या टोकाच्या, बाटली ढकलणाऱ्या पट्टीच्या मध्यापर्यंत 620 मिलिमीटर, ढोबळ मानाने दोन फूट. ही लांबी टेपने मोजावी, ड्रॉइंगवरून उचलू नये. ड्रॉइंग काढल्यानंतर फिटरने ब्रॅकेट कुठे सरकवलं हे ड्रॉइंगला कळत नाही.

नवा माणूस पहिल्यांदा टायमर लावतो. 620 भागिले 300, म्हणजे दोन सेकंदांहून थोडं जास्त. खराब बाटली दिसली की टायमर सुरू, संपला की सिलिंडर बाहेर. एक बाटली घेऊन ट्रायल केली तर हे चालतंही. पण लागोपाठ दोन बाटल्या बिनझाकणाच्या आल्या की पहिलीचा टायमर संपलेला नसतो आणि दुसरीसाठी टायमरच उरत नाही. शिवाय पुढे पॅकिंगवाल्याने लाइन थांबवली तरी टायमर थांबत नाही. पट्टा उभा, घड्याळ चालू, आणि सिलिंडर समोर असेल त्या चांगल्या बाटलीला ढकलून मोकळा. बाटली वेळेने पुढे जात नाही, पट्ट्याने जाते. म्हणून मोजायचा तो पट्टा.

मोजण्यासाठी आम्ही शेपटाकडच्या रोलरवर 32 खाचांची चकती बसवली आणि खाचा मोजायला यू आकाराचा फोटो सेन्सर. एक खाच गेली की पीएलसीला एक पल्स मिळते. शेपटाकडचा रोलर मुद्दाम निवडला. मोटरकडचा रोलर पट्ट्याखाली घसरला तर तो फिरत राहतो आणि पट्टा मात्र जागचा हलत नाही; शेपटाकडच्या रोलरला पट्टाच फिरवतो, त्यामुळे तो बहुधा खरं सांगतो. रोलरचा व्यास 100, पट्ट्याची जाडी 2. पट्ट्याचा मधला थर 102 व्यासाच्या वर्तुळावरून जातो, म्हणून एका फेरीत पट्टा 320 मिलिमीटर सरकतो आणि एका खाचेला 10. नुसता 100 धरून हिशोब केला तर फेरीला 314 येतात आणि 620 च्या अंतरात 12 मिलिमीटरची चूक शिरते. शंका असेल तर पट्ट्यावर खडूने खूण करून तो काही मीटर चालवावा आणि पल्स मोजाव्यात, वाद मिटतो.

आता शिफ्ट रजिस्टर. 64 बिटांची एक रांग घ्यायची, प्रत्येक बिट म्हणजे पट्ट्यावरचा 10 मिलिमीटरचा तुकडा. एक पल्स आली की सगळी रांग एक घर पुढे सरकते आणि पहिल्या घरात नवी नोंद येते: खराब असेल तर 1, नाहीतर 0. पट्टा थांबला की पल्स थांबतात, रांगही थांबते. पट्टा हळू चालला की रांगही हळू. लागोपाठ दोन खराब बाटल्या आल्या तर रांगेत दोन 1, आपापल्या जागी.

मला जास्त बोलायचंय ते एका वेगळ्याच जागेबद्दल, कारण बहुतेकांचं तिथे बिनसतं: बाटली खराब आहे हा निर्णय नेमका कधी घ्यायचा? झाकणाचा सेन्सर दोन बाटल्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतही झाकण नाही असंच म्हणतो, म्हणून तो सरळ रजिस्टरला जोडता येत नाही. त्याच्या जोडीला त्याच रेषेत बाटलीच्या अंगावर बघणारा दुसरा सेन्सर लागतो. मग अनेकजण असं लिहितात की बाटली आली त्या क्षणी झाकण दिसलं नाही तर बाटली खराब. पण बाटली 60 ची आणि झाकण 28 चं. बाटलीची पुढची कड सेन्सरवर येते तेव्हा झाकण अजून 16 मिलिमीटर मागे असतं. अशा प्रोग्राममध्ये प्रत्येक बाटली खराब ठरते. मग ऑपरेटर सेन्सर वाकडा करून कसंबसं जमवतो आणि पुढच्या महिन्यात बाटलीचा साइझ बदलला की पुन्हा ओरड.

बरोबर रीत अशी: बाटली सेन्सरसमोर असेपर्यंत झाकण एकदा जरी दिसलं तरी ते लक्षात ठेवायचं, आणि बाटलीची मागची कड निघून जाताना निकाल लावायचा. मित्सुबिशीच्या FX पीएलसीमध्ये गाभा एवढाच. X1 बाटलीचा सेन्सर, X2 झाकणाचा, X0 पट्ट्याची पल्स.

```
LD   X1
AND  X2
SET  M51
LDF  X1
ANI  M51
SET  M50
LDF  X1
RST  M51
LDP  X0
SFTL M50 M100 K64 K1
RST  M50
```

LDF म्हणजे सिग्नल जातानाचा क्षण, LDP म्हणजे येतानाचा. M म्हणजे पीएलसीच्या आतले रिले, एकेक बिट: M51 म्हणजे झाकण दिसलं, M50 म्हणजे खराब, आणि M100 पासून पुढे ती 64 घरांची रांग. शेवटच्या दोन ओळींचा क्रम बदलू नये. आधी M50 रजिस्टरमध्ये जायला हवा, मग पुसायला. उलटं केलं तर रजिस्टरमध्ये कधीच काही जाणार नाही.

आता सिलिंडर कोणत्या घरावर चालवायचा? मागची कड सेन्सरवरून गेली तेव्हा बाटलीचा मध्य 30 मिलिमीटर पुढे गेलेला असतो, म्हणून 620 मधून 30 गेले, उरले 590. व्हॉल्व्हला करंट दिल्यापासून सिलिंडरची पट्टी बाटलीला टेकेपर्यंत आमच्याकडे 80 मिलिसेकंद लागत होते. तेवढ्यात पट्टा 24 मिलिमीटर सरकतो. उरले 566. निकाल लागल्यानंतरची पहिली पल्स लगेचही येऊ शकते किंवा पूर्ण 10 मिलिमीटर सरकल्यावरही, सरासरी 5. सत्तावन्नावी पल्स 560 ते 570 च्या दरम्यान येते, म्हणजे आपल्याला हवी तिथेच. पहिल्या पल्सला बिट M100 मध्ये येतो, तर सत्तावन्नाव्या पल्सला M156 मध्ये. ही 10 मिलिमीटरची हालचाल कितीही केलं तरी राहणार, म्हणून पट्टी 40 रुंद ठेवली होती. पट्टी बोटाएवढी आणि घर 10 चं, हे जमत नाही. मग घर लहान करायला चकतीऐवजी फेरीला जास्त पल्स देणारा एन्कोडर घ्यावा लागतो.

M156 थेट आउटपुटला जोडू नका. बिट त्या घरात असताना पट्टा थांबला तर सिलिंडर बाहेरच अडकून राहील. M156 शून्यावरून एक झाला त्या क्षणी आउटपुट सेट करायचा आणि ठरावीक वेळेने रिसेट करायचा. आमच्याकडे 150 मिलिसेकंद पुरत होते, आणि पुढची बाटली पट्टीपाशी येईपर्यंत सिलिंडर आत परतलेला असायचा.

ट्रायल घेताना बाटली कुठे मार खाते ते पाहावं, त्यावरून बरंच कळतं. दरवेळी सारखाच मागे किंवा पुढे फटका बसत असेल तर घराचा आकडा चुकलाय, एक-दोनने हलवा. हळू वेगाला बरोबर आणि जोरात उशीर होत असेल तर ते 80 मिलिसेकंद बोलताहेत: वेळ तीच, पण पट्टा त्यात जास्त सरकतो. लाइन दोन-तीन ठरावीक वेगांवर चालणार असेल तर प्रत्येकाला वेगळं घर द्यावं. आमच्या इथे वेग दुप्पट करून पाहिला तेव्हा वेगळंच निघालं: पुढची बाटली पट्टीपाशी यायला लागली तरी बिट M156 ला पोचेना. FX च्या इनपुटला डीफॉल्ट 10 मिलिसेकंदांचा फिल्टर असतो, आणि दुप्पट वेगाला पल्सची रुंदी 8 च्या आसपास आली. मधल्या पल्स गिळल्या जात होत्या. फिल्टरची वेळ ज्यात असते त्या D8020 मध्ये ती कमी केली आणि काम झालं. वेग आणखी वाढणार असेल तर हाय-स्पीड काउंटरवर जायला हवं.

एक चांगली गोष्ट म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या रजिस्टरमध्ये चूक साचत नाही. प्रत्येक बाटलीचा हिशोब सेन्सरपासून नव्याने सुरू होतो. म्हणून सकाळपासून प्रत्येक वेळी खराब बाटलीच्या मागचीच बाटली पडतेय अशी तक्रार आली, तर जुनं मशीन बाटल्या मोजून रजिस्टर सरकवतंय का ते आधी बघा. तिथे कुणी मधली एक बाटली हाताने उचलली की त्यानंतरचा सगळा हिशोब एकने सरकतो आणि रजिस्टर पुसेपर्यंत तसाच राहतो. बाटल्या खाचांत धरून फिरवणाऱ्या स्टार व्हीलसारख्या बंदिस्त जागेत ती पद्धत ठीक, उघड्या पट्ट्यावर नाही.

आमची पद्धत फसते ती बाटली पट्ट्यावर घसरली तर. पुढे माल तुंबला की बाटल्या जागच्या उभ्या राहतात आणि पट्टा त्यांच्या खालून चालत राहतो. रजिस्टरला वाटतं बाटली पोचली, बाटली असते मागेच. हे रजिस्टर कितीही नीट लिहिलं तरी त्याला कळणार नाही. म्हणून पट्टीच्या समोर एक सेन्सर लावायचा: M156 आला पण समोर बाटली नाही, तर गडबड. दुसरा सेन्सर रिजेक्टच्या घसरगुंडीत, जो बाटली खरंच पडली हे सांगतो. फटका मारला आणि सेकंदाभरात तिथे काही पडलं नाही तर लाइन थांबवायची. पडलेल्या बाटल्यांनी पेटी भरली की हाच सेन्सर सतत झाकलेला राहतो, तेही त्यातच कळतं. शिवाय तुंबल्याचा सेन्सर सिलिंडरच्या बराच पुढे ठेवून मागचा पट्टा आधीच थांबवावा, म्हणजे घसरण्याची वेळ येत नाही.

लाइट जाण्याचंही बघायला हवं. FX3U मध्ये M100 च्या आसपासचे रिले लाइट गेली की शून्य होतात. पट्ट्यावर पाच बाटल्या उभ्या, त्यातली एक बिनझाकणाची. लाइट आल्यावर रजिस्टर कोरं, आणि ती बाटली चांगली म्हणून सरळ खोक्यात. M500 पासूनचे रिले लाइट गेली तरी आठवण ठेवतात, रांग तिथे हलवली तर निम्मं काम होतं. निम्मं अशासाठी की लाइट गेल्यावर पट्टा जडत्वाने जरा पुढे जातो, तेव्हाच्या पल्स कुणी मोजत नाही, आणि मदतनीस दोन बाटल्या उचलून पुसून परत ठेवतो ते वेगळंच. औषधाच्या लाइनवर मी सरळ असं करतो की सुरू झाल्यावर पहिल्या 62 पल्सपर्यंत सिलिंडरसमोर येणारी प्रत्येक बाटली पाडायची. पाच बाटल्या वाया जातात. सुपरवायझर कुरकुर करतो, पण प्रॉडक्शनच्या मीटिंगमध्ये बिनझाकणाच्या बाटलीचा जबाब द्यायला तोच उभा असतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी गप्प होतो.