पावसाळ्यात विमा काढलेली गाय दगावली तर: दाव्याचा अर्ज आणि आजाराची तारीखवार हकीकत

पाऊस सुरू झाला की गोठ्यात गोचीड वाढते आणि संकरित गाईंमध्ये गोचीड ताप, म्हणजे थायलेरियोसिस, डोके वर काढतो. उपचार वेळेवर झाले तर बऱ्याच गाई वाचतात, पण काही चार-पाच दिवसांतच हातच्या जातात. गायीचा विमा असतो, हप्ता भरलेला असतो, तरीही दावा अडकतो. माझ्या पाहण्यात असे दावे बहुतेक वेळा आजारामुळे अडकत नाहीत, कागदांवरच्या विसंगतीमुळे अडकतात. अर्जात एक तारीख, डॉक्टरांच्या दाखल्यात दुसरी. पॉलिसीत एक बिल्ला नंबर, शवविच्छेदन अहवालात एक अंक चुकलेला.

दावा तपासणारा माणूस तुमच्या अर्जात मुख्यतः तीन गोष्टी शोधतो. मेलेली गाय विमा उतरवलेलीच आहे का? आजार विमा लागू झाल्यानंतर सुरू झाला का? आणि मालकाने उपचारात हयगय केली का? पहिल्याचे उत्तर कानातला बिल्ला देतो. उरलेल्या दोन्हींचे उत्तर आजाराच्या तारखा देतात. म्हणून अर्जात दुःखाचे वर्णन लांबवू नका; तारीख, वेळ, लक्षण आणि उपचार एवढेच लिहा.

तारखांचे महत्त्व नीट समजून घ्या. बहुतेक पॉलिसींमध्ये सुरुवातीचे साधारण १५ दिवस आजाराने झालेला मृत्यू धरला जात नाही. अपघाताचे संरक्षण मात्र लगेच सुरू होते. तुमच्या पॉलिसीतला आकडा वाचून घ्या. गाय पॉलिसीच्या वीसाव्या दिवशी मेली, पण डॉक्टरांच्या नोंदीत ताप बाराव्या दिवसापासूनचा असेल, तर वाद तिथेच उभा राहतो. उलट, आजार दोन महिन्यांनी सुरू झालेला असेल आणि अर्जात तसे स्पष्ट लिहिले नसेल, तर कंपनी चौकशीची पत्रे पाठवत राहते आणि वेळ जातो.

एक नमुना घेऊ. पॉलिसी २० मे रोजी सुरू झाली. १८ जुलैच्या संध्याकाळी होलस्टीन संकरित गाय आजारी पडली, २२ जुलैच्या पहाटे मेली. अर्ज असा होईल:

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(विमा कंपनीचे नाव व शाखा)

विषय: विमा उतरवलेल्या गायीच्या मृत्यूबाबत दावा. पॉलिसी क्र. (पूर्ण क्रमांक), कानातील टॅग क्र. (टॅगवरील पूर्ण १२ अंक)

महोदय,

माझ्या मालकीच्या वरील टॅगच्या गायीचा विमा आपल्या कंपनीकडे २० मेपासून एक वर्षासाठी उतरवलेला आहे. विमा रक्कम ६०,००० रुपये. ही गाय दि. २२ जुलै रोजी पहाटे ४.३० वाजता माझ्या गोठ्यात आजाराने मेली.

गायीची ओळख: होलस्टीन संकरित, वय अंदाजे ५ वर्षे, दुसरे वेत, व्यायल्यापासून चौथा महिना. रंग काळा, कपाळावर पांढरा ठिपका, शेपटीचा गोंडा पांढरा. टॅग डाव्या कानात, मृत्यूच्या वेळी जागेवर व वाचता येईल असा होता. घटसर्प व फऱ्या रोगांची लस जूनमध्ये टोचली होती. दाखला जोडला आहे.

आजाराचा क्रम:
१८ जुलै, संध्याकाळ: चारा सोडला. दूध वेळेला ६ लिटरवरून ३ लिटरवर आले. अंग गरम लागले.
१९ जुलै, सकाळी ७: पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन केला. १०.३० वाजता डॉक्टर आले. ताप १०५.८ अंश फॅरनहाइट, खांद्यापुढील गाठ सुजलेली. रक्ताचा नमुना घेतला व ब्युपार्वाक्वोनचे इंजेक्शन दिले.
२० जुलै: रक्त तपासणीत थायलेरिया आढळला. डोळ्याचे अस्तर फिकट. सलाईन व इतर उपचार केले.
२१ जुलै: ताप थोडा उतरला, पण धाप लागली. दुपारनंतर गाय उठली नाही. डॉक्टरांनी संध्याकाळी पुन्हा तपासले.
२२ जुलै, पहाटे ४.३०: मृत्यू.

मृत्यूची खबर आपल्या टोल फ्री क्रमांकावर त्याच दिवशी सकाळी ६.१५ वाजता दिली. मिळालेला संदर्भ क्रमांक: (क्रमांक). आपल्या प्रतिनिधींनी सकाळी ९.१५ वाजता पाहणी केली. त्यानंतर पशुधन विकास अधिकाऱ्यांनी १०.४० वाजता शवविच्छेदन केले. दुपारी गायीचे दफन केले.

सोबत: दाव्याचा फॉर्म, पॉलिसीची प्रत, शवविच्छेदन अहवाल, उपचाराचा दाखला व केसपेपर, रक्त तपासणी अहवाल, लसीकरण दाखला, छायाचित्रे, बँक पासबुकची प्रत.

वरील माहिती खरी आहे. दावा मंजूर करून रक्कम माझ्या खात्यात जमा करावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, मोबाइल, तारीख)

या अर्जातले प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या कागदाशी जुळते. १९ जुलैची ओळ केसपेपरशी, २० जुलैची तपासणी अहवालाशी, पहाटेची वेळ शवविच्छेदन अहवालातल्या वेळेशी. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी डॉक्टरांच्या दोन्ही कागदांच्या प्रती हातात घ्या, मग अर्ज लिहा. उपचाराचा दाखला आणि शवविच्छेदन अहवाल हे दोन वेगळे कागद आहेत. पहिल्यात जिवंत गायीवर काय उपचार झाले ते असते, दुसऱ्यात मृत्यूचे कारण. दोन्हींवर बिल्ला नंबर, गायीचे वर्णन, मालकाचे नाव, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक आहे का, ते तिथेच उभे राहून बघा. अंक चुकला असेल तर डॉक्टर दुरुस्त करून सही करतील. कंपनीकडे गेल्यावर तीच दुरुस्ती संशयास्पद ठरते.

डॉक्टर येण्याआधी गावातल्या कुणाकडून इंजेक्शन घेतले असेल तर ते लपवू नका. "१८ तारखेला रात्री तापाचे एक इंजेक्शन दिले, १९ला दवाखान्यात कळवले" असे लिहिले तर चालते. लपवले आणि केसपेपरवर "आधी उपचार झालेले" अशी नोंद निघाली, तर सगळ्या अर्जावरचा विश्वास उडतो. आजाराची तारीख पुढे ढकलण्याचा सल्लाही कुणी देईल. तो ऐकू नका. दवाखान्याच्या रजिस्टरमधली तारीख कंपनी मागवू शकते, आणि चुकीची माहिती दिल्याच्या कारणावरून खरा दावाही फेटाळला जातो.

आता बिल्ल्याविषयी. "टॅग नाही तर दावा नाही" ही अट जवळपास प्रत्येक गुरांच्या पॉलिसीत असते. गाय मेल्यावर पहिली गोष्ट म्हणजे बिल्ला कानात असतानाच फोटो काढा: एक जवळून, नंबर वाचता येईल असा, एक संपूर्ण गायीचा, डोके आणि बिल्ला दोन्ही दिसतील असा, एक तुमच्यासह. बिल्ला स्वतः कापून काढू नका. कंपनीने मागितला तर शवविच्छेदनाच्या वेळी डॉक्टरांनीच काढून अहवालात तसे नोंदवावे. पावसाळ्यात कानाला जखम होऊन, अळ्या पडून बिल्ला गळतो, हे नेहमीचे आहे. गाय जिवंत असतानाच तसे झाले तर त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा, दवाखान्यातून नवा बिल्ला मारून घ्या आणि पॉलिसीत नवा नंबर चढवल्याचा कागद मागून घ्या. नुसता नवा बिल्ला मारला आणि पॉलिसीत जुनाच नंबर राहिला, तर कागदावर ती दुसरी गाय होते.

खबर देण्यास उशीर करू नका. पावसाळी हवेत मृतदेह लवकर फुगतो आणि काही तासांत आतले अवयव कुजू लागतात. मग डॉक्टरांना कारण ठामपणे लिहिता येत नाही आणि अहवालात "शव कुजल्याने निदान अशक्य" असे येते. म्हणून आधी कंपनीला फोन, लगेच दवाखान्यात फोन. कंपनीचा माणूस वेळेत येणार नसेल तर "पाहणीशिवाय शवविच्छेदन करा" असे एसएमएसवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. फोनवरच्या शब्दाचा पुरावा नंतर उरत नाही. तेही मिळाले नाही तर डॉक्टर, सरपंच किंवा पोलीस पाटील आणि दोन शेजारी यांच्या सह्यांचा पंचनामा करा आणि व्हिडिओ काढून ठेवा.

एका प्रसंगात शवविच्छेदन होत नाही, आणि तो माहीत असणे गरजेचे आहे. गाय अचानक मेली, नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त येत असेल आणि शव ताठरत नसेल, तर काळपुळीची शंका घ्यायची. अशा शवाला हात लावू नका, कातडे सोलू देऊ नका, कुत्र्यांना जवळ येऊ देऊ नका. शव उघडले की रोगजंतू हवेच्या संपर्कात बीजाणू बनतात आणि जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. हा रोग माणसालाही होतो. डॉक्टर शव न उघडता रक्ताचा नमुना घेतात. तेव्हा अर्जात "काळपुळीच्या संशयावरून पशुवैद्यकांच्या सूचनेनुसार शवविच्छेदन केले नाही, रक्त नमुन्याचा अहवाल व डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले आहे" असे स्पष्ट लिहा. नाहीतर अहवाल नाही म्हणून फाइल पडून राहते.

गाय कर्जाने घेतली असेल तर पॉलिसीत बँकेचे नाव असते आणि रक्कम आधी कर्जखात्याकडे जाते. अशा वेळी अर्जाची प्रत बँकेलाही त्याच दिवशी द्या.

अर्ज दोन प्रतींत न्या आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या: तारीख, सही, शिक्का. जोडलेले कागद पोचीवर मोजून लिहून घ्या. राष्ट्रीय पशुधन अभियानातील विमा असेल तर पूर्ण कागदपत्रे मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढण्याची तरतूद मार्गदर्शक सूचनांत आहे. म्हणून पोचीवरची तारीख जपायची. कंपनीने एखादा कागद मागितला तर ती मागणी लेखी घ्या आणि उत्तरही लेखीच द्या. दावा नाकारला तर नाकारण्याचे कारण आणि पॉलिसीतील कलम पत्रावर मागून घ्या, आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करा. तिथे निकाल लागला नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते, आणि तिथेही पहिल्यांदा हाच तारखांचा अर्ज आणि ही पोच मागितली जाते.