कार्ड उलटं धरा: सहा मुलं, एक पंच आणि बबल सॉर्ट

‘मुलांच्या हातात संख्या द्या आणि त्यांना चढत्या क्रमाने उभं राहायला सांगा’ हा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिलेला असतो. तसं केलंत तर मुलं अर्ध्या मिनिटात रांगेत उभी राहतात, टाळ्या वाजतात आणि कोणीच काही शिकत नाही. मुलांनी संख्या ओळखून स्वतःची जागा शोधली एवढंच घडतं, आणि ते त्यांना दुसरीपासून येतं. पाचवी ते सातवीच्या वर्गाला संगणकाची ‘बबल सॉर्ट’ ही क्रम लावण्याची पद्धत दाखवायची असेल, तर मुलांना थोडं आंधळं करावं लागतं. संगणकाला अख्खी रांग एका नजरेत दिसत नाही. तो एका वेळी दोनच संख्या ताडून पाहतो. ही एक अट पाळली तर खेळाला अर्थ आहे, नाहीतर ती पी.टी.च्या तासाची रांग.

तयारी

जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर जाड मार्करने सहा संख्या लिहा: 8, 12, 27, 34, 45, 51. व्हरांड्यात खडूने सलग सहा घरं आखा. शहाबादी फरशी असेल तर एक फरशी म्हणजे एक घर. घरांना 1 ते 6 क्रमांक द्या, आणि ते बसलेल्या मुलांना डावीकडून उजवीकडे वाचता येतील असे घाला. एक गारगोटी जवळ ठेवा. संपलं.

कार्डांवर 1 ते 6 लिहू नका, ही माझी पहिली तक्रार. तसे तयार संच अनेक जण वापरतात. 4 चं कार्ड मिळालेल्या पोराला शेजाऱ्याशी तुलना करायची गरजच काय? कार्डच त्याला चौथ्या घरात जायला सांगतं. संख्या मध्ये अंतर सोडलेल्या हव्यात, म्हणजे 27 वाल्याला आपलं घर कोणतं हे इतरांकडे पाहिल्याशिवाय कळणार नाही.

अवघड टप्पा: दोघांची गाठ

माझं घोडं बराच काळ अडायचं ते इथे. नियम सांगायला एका वाक्याचा आहे: शेजारच्या दोघांची कार्डं ताडायची, आधीच्या घरात मोठी संख्या असेल तर दोघांनी जागा बदलायच्या, नाहीतर जागच्या जागी राहायचं, मग पुढची जोडी. पण प्रत्यक्षात पहिल्या दोन मिनिटांत याचा विचका होतो. कार्डं सगळ्यांना दिसतात, बसलेली मुलं ‘अरे, तू तिकडे जा’ म्हणून ओरडतात, आणि रांगेतला हुशार मुलगा स्वतःच्या हिशेबाने सगळ्यांना हलवायला लागतो.

म्हणून प्रत्येकाने कार्ड छातीशी उलटं धरायचं. स्वतःचंसुद्धा पाहायचं नाही. एका मुलीला पंच करा. पंच जोडीसमोर आली की दोघांनी एक पाऊल पुढे यायचं, कार्ड फक्त तिला दाखवायचं आणि पुन्हा उलटं करायचं. पंचाला दोनच शब्दांची परवानगी आहे: ‘बदला’ किंवा ‘राहा’. संख्या मोठ्याने वाचायची नाही. बदलताना दोघं एकमेकांवर आदळतात, त्यामुळे लहान क्रमांकाच्या घरातल्याने पुढून जायचं आणि दुसऱ्याने मागून. ‘डावीकडचा’ आणि ‘उजवीकडचा’ हे शब्द वापरू नका. रांगेचं तोंड वर्गाकडे असतं, तेव्हा रांगेतल्यांचं डावं ते बसलेल्यांचं उजवं होतं आणि वाद सुरू होतो. ‘लहान घर’ आणि ‘मोठं घर’ म्हणा.

आता सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. पंच पहिल्या दोघांना ताडते आणि मग तिसऱ्या-चौथ्याकडे जाते, मग पाचव्या-सहाव्याकडे. मुलांच्या डोक्यात जोडी म्हणजे एकदा झालेली जोडी, त्यामुळे दुसरा मुलगा ‘झाला’ असं त्यांना वाटतं. पण दुसऱ्या-तिसऱ्याची गाठ पडलीच नाही, तर मोठी संख्या पुढे सरकणार कशी? हे तोंडी कितीही समजावलं तरी पुढच्या फेरीत पुन्हा तेच होतं. यावर उपाय खडूचा आहे. पंचाने मुलांसमोर उभं राहायचंच नाही, घरांमधल्या रेषांवर उभं राहायचं. 1 आणि 2 मधली रेषा, मग 2 आणि 3 मधली, असं करत 5 आणि 6 मधल्या रेषेपर्यंत. सहा घरांत आतल्या रेषा पाच, म्हणून तुलनाही पाच. मुलं जागा बदलोत न बदलोत, पंच पुढच्या रेषेवर जाते. जागा बदलल्यावर ‘मी नेमकी कोणाला ताडत होते?’ हा गोंधळही त्यामुळे संपतो, कारण तिला माणसं लक्षात ठेवायचीच नसतात.

फेरी संपली की शेवटच्या घरातला मुलगा कार्ड वर्गाकडे वळवून तिथेच खाली बसतो, आणि पुढच्या फेरीत पंच त्याला ताडत नाही. इथे थांबा आणि विचारा: सगळ्यात मोठी संख्या याच्याकडेच आहे, असं आपण ठामपणे कसं म्हणू शकतो? उत्तर मुलांकडून यायला दोन-तीन मिनिटं लागली तरी लागू द्या. मोठ्यात मोठं कार्ड एकदा पंचाच्या हाती लागलं की पुढच्या प्रत्येक रेषेवर तेच जिंकतं, आणि ते टोकाला जाईपर्यंत थांबत नाही. पाण्यातला बुडबुडा वर यावा तसं, म्हणून याला बबल सॉर्ट म्हणतात.

दर फेरीला पंच बदला. हे कटाक्षाने करा. एकच मुलगी राहिली तर तिला संख्या पाठ होतात आणि ती तुलना न करताच ‘बदला’ म्हणू लागते.

थांबायचं कधी?

रांग लागली हे रांगेला ठाऊक नसतं. मास्तरांनी ‘झालं’ म्हणायचं नाही. पंचाने फेरी रिकाम्या मुठीने सुरू करायची आणि पहिल्यांदा ‘बदला’ म्हणताना गारगोटी मुठीत घ्यायची. शेवटच्या रेषेवर सगळ्यांसमोर मूठ उघडायची. गारगोटी असेल आणि अजून दोघं तरी उभे असतील तर आणखी एक फेरी. मूठ रिकामी म्हणजे अख्ख्या फेरीत एकदाही अदलाबदल झाली नाही, म्हणजे क्रम लागला. पुढे कधी ही मुलं प्रोग्रॅम लिहितील तेव्हा हीच गारगोटी त्यांना खरं-खोटं साठवणाऱ्या एका चलाच्या रूपात भेटेल. ते नाव आज सांगायची काही गरज नाही.

फळ्यावरचा हिशेब

एका मुलाला फळ्याशी उभं करा. दोन रकाने: तुलना आणि अदलाबदल. प्रत्येक वेळी ताळ्याची खूण.

पहिल्या डावात कार्डं या क्रमाने वाटा: 34, 12, 51, 27, 45, 8. पहिल्या फेरीनंतर रांग 12, 34, 27, 45, 8, 51 अशी होते. तुलना पाच, अदलाबदली चार. दुसरीनंतर 12, 27, 34, 8, 45 आणि टोकाला बसलेला 51. तिसरीत एकच बदल, चौथीत एक, पाचवीत एक. एकूण 15 तुलना आणि 9 अदलाबदली. फळ्यावर वेगळा आकडा आला तर बहुधा पंचाने एखादी रेषा गाळलेली असते. कोणत्या फेरीत खुणा कमी आहेत ते पाहा, लगेच सापडतं.

मुलांना 8 ची दया येते, आणि ते बरोबरच आहे. 51 एका फेरीत टोकाला पोचला, पण 8 दर फेरीला जेमतेम एक घर मागे सरकला. खरी गंमत इथे आहे, आणि बहुतेक जण नेमका हाच भाग सोडून देतात.

दुसऱ्या डावात कार्डं उघडी ठेवली तरी चालतील, कारण आता संख्या शोधायच्या नाहीत, खुणा मोजायच्या आहेत. रांग अशी लावा की फक्त एक मूल चुकीच्या जागी असेल. आधी मोठं कार्ड सुरुवातीला: 51, 8, 12, 27, 34, 45. पहिल्या फेरीत पाच तुलना, पाच अदलाबदली, आणि रांग लागली. दुसऱ्या फेरीत चार तुलना आणि रिकामी मूठ. एकूण 9 तुलना.

मग लहान कार्ड शेवटी: 12, 27, 34, 45, 51, 8. अदलाबदली पुन्हा पाचच. पण दर फेरीला एकच, म्हणून पाचही फेऱ्या पूर्ण कराव्या लागतात आणि तुलना होतात 15. दोन्ही वेळा एकच मूल पाच घरं चुकलेलं होतं, तरी एकदा 9 आणि एकदा 15. हे का झालं, हा प्रश्न वर्गावर सोडून द्या आणि गप्प बसा. ‘पंच नेहमी एकाच दिशेने चालते’ असं कोणीतरी म्हणतंच.

ते आलं की विचारा, मग पंचाने परत येताना उलट दिशेने ताडत यावं का? 8 शेवटी असलेल्या त्याच रांगेवर करून पाहा. जाताना पाच तुलना आणि 51 टोकाला बसतो. येताना चार तुलना, आणि 8 चारही रेषा ओलांडत थेट पहिल्या घरात येतो, तोही खाली बसतो. मधल्या चौघांची तिसरी फेरी तीन तुलनांची, मूठ रिकामी. एकूण 12.

वेळ उरला तर दोन कार्डांवर 27 लिहून द्या. संख्या सारख्या असतील तर पंचाने ‘राहा’च म्हणायचं. एखादी पंच ‘बदला’ म्हणते. तसं झालं तर टोकाच्या मुलांना खाली न बसवता पूर्ण फेऱ्या घ्या आणि मूठ कधी रिकामी होते ते पाहू द्या. दोघं 27 वाले दर फेरीला जागा बदलत राहतात. तास संपल्याची घंटा झाली तरी खेळ संपत नाही, आणि नियम कुठे चुकला हे मुलं स्वतःच शोधतात.

न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘संगणकाविना संगणकशास्त्र’ या उपक्रमात याच विषयाचा दुसरा खेळ आहे. त्यात जमिनीवर रेषांचं जाळं आखतात आणि अनेक जोड्या एकाच वेळी ताडतात. खेळ उत्तम आहे, पण तो याच तासात घुसवू नका. त्यात सगळे एकदम चालतात, इथे एका वेळी एकच तुलना होते. दोन्ही एकत्र घेतले की मुलं पुन्हा 1-2, 3-4, 5-6 अशा जोड्या पाडू लागतात.

आणि मुलं सहाच घ्या. ‘सगळ्यांना संधी मिळावी’ म्हणून दहा जण उभे केले तर तुलना 45 पर्यंत जातात आणि 35 मिनिटांच्या तासात दुसरा डाव होत नाही. बाकीच्यांना संधी द्यायची तर पंच दर फेरीला बदलतेच, फळ्यावरचा मुलगा आणि रांग डावागणिक बदला.